केबलचोर, फावड्याचा दांडा आणि माझी चपलांची पेटी

गुन्ह्यांच्या कायद्याच्या पेपरात मी पहिल्यांदा नापास झाले, ते कलमं पाठ नव्हती म्हणून नाही. कलमं मला भडाभडा येत होती. वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, दिवसा पतपेढीत कर्जाच्या फायली सांभाळून सकाळच्या लॉ कॉलेजला जाणारी बाई दुसरं करणार तरी काय? लोकलमध्ये उभ्या उभ्या पाठांतर होतं, विचार होत नाही. पेपरला बेअर ॲक्ट, म्हणजे नुसत्या कलमांची पुस्तिका, नेता येत नाही, म्हणून सगळं डोक्यातूनच काढायचं. म्हणून मी नंबर आणि शिक्षा घोकल्या.

त्यात आमची बॅच संक्रमणातली. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. ५११ कलमांची ३५८ झाली आणि नंबर सगळे इकडचे तिकडे. ज्या ३०२ वर अख्ख्या महाराष्ट्राचं पोट भरलंय, ते नव्या कायद्यात धार्मिक भावना दुखावण्याच्या उद्देशानं शब्द उच्चारण्याचं कलम आहे. खुनाची शिक्षा गेली १०३ मध्ये. ३०७ म्हटलं की खुनाचा प्रयत्न असं हाडात मुरलेलं, तर तिथे आता चोरीसाठी मारण्याची किंवा दुखापतीची तयारी करून केलेली चोरी. खुनाचा प्रयत्न १०९ मध्ये. आमच्या वर्गात एक निवृत्त फौजदार आहेत, आम्ही त्यांना फौजदारकाका म्हणतो. तीस वर्षं पंचनामे लिहिलेला माणूस, पण अंतर्गत परीक्षेत त्यांनी सगळे नंबर जुने लिहिले आणि वर मास्तरांनाच विचारलं, "अहो, खून तर तोच आहे ना?"

माझे नंबर नवे होते, तरी गेले. घात केला तो एका गोष्टीरूप प्रश्नानं. प्रश्न साधारण असा होता: बाळू रात्री अकरा वाजता शेतावर जातो. विहिरीवरच्या मोटारीची केबल एक जण कापत असतो. बाळू ओरडतो. चोर केबल तिथेच टाकून पळतो. बाळू पन्नासेक पावलं त्याच्यामागे धावतो आणि हातातल्या फावड्याच्या लाकडी दांड्यानं त्याच्या डोक्यात एक फटका घालतो. दुसऱ्या दिवशी चोर दवाखान्यात मरतो. बाळूची जबाबदारी ठरवा.

मी वाचलं आणि मनात दिवा लागला: चोर, रात्र, मालमत्ता, म्हणजे खाजगी बचावाचा हक्क! कलम ३४ पासून ४४ पर्यंत जे आठवेल ते ओतलं, दीड पान. शेवटी लिहिलं, "सबब बाळू निर्दोष आहे." शेजारच्या बाईनं किती पुरवण्या घेतल्या ते बघण्याइतकी मी निवांत होते.

निकालानंतर मी तोच प्रश्न घेऊन आमच्या मास्तरांकडे गेले. त्यांनी एकच विचारलं, "बाई, गुन्हा कोणता झाला ते कुठे लिहिलंय?" कुठेच नव्हतं. गुन्हा ठरवायच्या आधीच मी बचाव मांडला होता. आणि तो बचाव चोर पळायला लागल्यावर जिवंत होता का, हा प्रश्न तर मला पडलाच नव्हता.

केटीच्या, म्हणजे राहिलेल्या पेपरच्या, परीक्षेला चार महिने होते. या वेळी मी घरातली चपलांची जुनी पेटी घेतली, पुठ्ठ्याचे दोन आडवे तुकडे घालून तिचे तीन कप्पे केले आणि स्टेशनरीच्या दुकानातून जाड कोऱ्या कार्डांचे दोन गठ्ठे आणले. पहिल्या कप्प्यातली कार्डं रोज, दुसऱ्यातली दर तिसऱ्या दिवशी, तिसऱ्यातली रविवारी. बरोबर आलं की कार्ड पुढे, चुकलं की कुठूनही थेट पहिल्या कप्प्यात. ही सापशिडी माझ्या मुलाला इतकी आवडली की संध्याकाळी भाकऱ्या थापताना कार्डं विचारायचं काम त्यानं आपणहून घेतलं.

पहिली चाळीस कार्डं मात्र वाया गेली. एका बाजूला "चोरी", दुसऱ्या बाजूला कलम ३०३ ची अख्खी व्याख्या. मुलगा म्हणायचा, "आई, चोरी." मी म्हणायचे, "हं, येतंय," आणि कार्ड उलटून वाचलं की वाटायचं, हेच तर मनात होतं. हा "येतंय"चा भास फार वाईट. वाचून ओळखणं आणि कोऱ्या कागदावर काढणं यांत किती अंतर आहे ते परीक्षेच्या वर्गात कळतं, आणि तोवर उशीर झालेला असतो. मग नियम केला: उत्तर मोठ्यानं पूर्ण बोलायचं, मुलानं बोटांवर मुद्दे मोजायचे, एक बोट कमी पडलं तरी कार्ड नापास. पहिल्या संध्याकाळी तीस कार्डांतली सात पास झाली.

मग कार्डं फोडली. चोरीचे घटक पाच: अप्रामाणिक उद्देश, वस्तू जंगम, दुसऱ्याच्या ताब्यातली, त्याच्या संमतीशिवाय, आणि नेण्यासाठी ती हलवणं. "घटक किती आणि कोणते" याचं एक कार्ड ठेवलं. त्यानंतर प्रत्येक घटकाचं एक वेगळं कार्ड, ज्यावर व्याख्या नाही, भांडण आहे. उदाहरणार्थ: "मी माझंच घड्याळ दुरुस्तीला दिलं. पैसे बाकी आहेत म्हणून दुकानदारानं ते हक्कानं अडकवून ठेवलं. मी गुपचूप उचलून आणलं. चोरी?" मागे: होय. कायदा मालकी बघत नाही, ताबा बघतो. आणि त्याचं तारण बुडवण्याचा उद्देश म्हणजे अप्रामाणिकपणा. हे उदाहरण कलमाच्या खालीच छापलेलं आहे. बेअर ॲक्टमधली ही उदाहरणं आम्ही सगळे वगळून पुढे जायचो, आणि तीच तर कार्डांची खाण निघाली. उलट कार्डही केलं: दुसऱ्याची वस्तू आपलीच आहे असं सद्भावनेनं समजून उचलली, तर अप्रामाणिक उद्देश नाही आणि चोरीही नाही. दोन्ही कार्डं लागोपाठ आली की "अप्रामाणिकपणे" हा शब्द किती वजनाचा आहे ते आपोआप कळतं.

नंबरासाठी वेगळी छोटी कार्डं होती, लाल पेनानं, जुना नंबर एका बाजूला आणि नवा दुसऱ्या बाजूला. जुना सोडून चालत नाही, कारण २०२४ आधीचे सगळे निवाडे जुन्याच भाषेत बोलतात. पण ती कार्डं दिवसाला दहाच. नंबर विसरला तर अर्धा गुण जाईल, घटक विसरला तर अख्खा प्रश्न जातो, हे मास्तरांचं म्हणणं मी पेटीच्या झाकणावर लिहून ठेवलं होतं.

मी मराठीतून पेपर लिहिते, त्याची एक स्वतंत्र कटकट होती. वर्तमानपत्रात प्रत्येक मेलेला माणूस "हत्या" झालेला असतो आणि पैसे उकळणं म्हणजे "खंडणी". कायद्याच्या मराठीत ते "बलाद्ग्रहण" आहे, जबरदस्तीनं नेलं तर "जबरी चोरी", पाच किंवा अधिक जणांनी मिळून जबरी चोरी केली तर "दरोडा". आमच्याकडे घरफोडीलाही सर्रास दरोडा म्हणतात. त्यासाठी आठ-दहा कार्डं फक्त शब्दांची केली. बलाद्ग्रहणात भीती घालून माणसाकडून वस्तू देववली जाते, चोरीत त्याच्या संमतीशिवाय घेतली जाते. मुलगा म्हणाला, "म्हणजे वर्गात तो दादा माझा डबा मागतो, ते?" मी म्हटलं, आधी त्यानं कसली भीती घातली ते सांग. बिचारा विचारात पडला.

बचावांच्या कार्डांना मात्र वेगळा साचा लागला. गुन्ह्याचं कार्ड "काय काय लागतं" विचारतं. बचावाच्या कार्डानं "कुठे संपतो" विचारलं पाहिजे, कारण प्रश्न काढणारा बरोबर त्या सीमेवरच खुंटी ठोकतो. धमकीखाली केलेलं कृत्य, कलम ३२: तत्काळ मृत्यूची भीती हवी, आणि खून किंवा देहान्ताची शिक्षा असलेला राज्याविरुद्धचा गुन्हा असेल तर बचाव मिळत नाही. नशा, कलम २३ आणि २४: कोणी नकळत किंवा इच्छेविरुद्ध पाजली असेल तर गोष्ट वेगळी, स्वतः प्यायलेल्याला मात्र शुद्धीत असताना जेवढी जाणीव असती तेवढी होती असंच धरलं जातं. इथे बासदेवचा १९५६ चा खटला माझ्या लक्षात राहिला तो कार्डामुळे नाही, गोष्टीमुळे. लग्नघरी जेवायला आलेला निवृत्त जमादार, भरपूर प्यालेला. एका पोराला जागेवरून सरकायला सांगतो, पोरगं हलत नाही, हा पिस्तूल काढून त्याच्या पोटात गोळी घालतो. झोकांड्या खात होता, पण स्वतःच्या पायांनी चालत होता, नीट बोलत होता. सर्वोच्च न्यायालयानं खुनाची शिक्षा कायम ठेवली.

मुलाचं वय तेव्हा अकरा. सात वर्षांखालच्या मुलाचं कृत्य गुन्हाच नाही हे कार्ड त्यानं शांतपणे विचारलं. सात ते बारामध्ये मात्र मुलाला आपल्या कृत्याचं स्वरूप आणि परिणाम समजण्याइतकी पक्वता नसेल तरच सूट, हे ऐकल्यावर त्यानं कार्ड खाली ठेवलं. "मला समजतं का?" मी म्हटलं, परवा कुंडी कुणी फोडली ते समजतंय, म्हणजे बहुतेक समजतं.

खुनाला जे पाच अपवाद आहेत, ज्यांच्यामुळे खून उतरून सदोष मनुष्यवध होतो, ते मला कधीच क्रमानं यायचे नाहीत. राग, म्हणजे गंभीर आणि अचानक प्रक्षोभ; बचावाच्या हक्काची मर्यादा ओलांडणं; नोकर, म्हणजे लोकसेवकानं अधिकाराबाहेर जाणं; अचानक उद्भवलेलं भांडण; आणि अठरा वर्षांवरील माणसाची संमती. "रामाच्या बहिणीनं नोटा भांड्यात साठवल्या." बेकार वाक्य आहे, पण आजही झोपेत विचारलंत तरी सांगेन.

दीड महिन्यात कार्डं एकशे तीसच्या आसपास झाली आणि बहुतेक तिसऱ्या कप्प्यात पोचली. मग मी तो बाळूचा प्रश्न पुन्हा सोडवायला घेतला, घड्याळ लावून. आणि पुन्हा अडकले! सगळे तुकडे हातात होते, पण आधी कुठला ठेवायचा ते ठाऊक नव्हतं. कार्ड तुम्हाला सांगतं की तुम्ही विचारलंत तर उत्तर काय. काय विचारायचं ते कार्ड सांगत नाही. परीक्षेत "कलम ४३ सांगा" असं कोणी म्हणत नाही; समोर एक मेलेला चोर असतो आणि कलम ४३ ची आठवण तुमची तुम्हालाच यावी लागते.

म्हणून एका पानाची तपासयादी केली. मृत्यूच्या प्रश्नासाठी एक, मालमत्तेच्या गुन्ह्यांसाठी एक, बस. मृत्यूची यादी म्हणजे प्रश्नांची साखळी होती. कोणाचं कोणतं कृत्य? त्या कृत्यामुळेच मृत्यू झाला का? सदोष मनुष्यवधाच्या कलम १०० प्रमाणे उद्देश की जाणीव? खून ठरवणाऱ्या १०१ च्या चारांपैकी एखादा खंड लागतो का? मग सर्वसाधारण अपवाद, आणि ते लागले तर कुठे संपतात? ते पूर्ण लागले नाहीत, तर रामाची बहीण. मग सोबत कोणी होतं का, म्हणजे सामाईक उद्देश वगैरे. शेवटी शिक्षा. गंमत म्हणजे ही यादी कितीतरी वेळा बदलली. सुरुवातीला सर्वसाधारण अपवाद मी अगदी वर ठेवले होते, कारण पुस्तकात ते आधी येतात. पण वर ठेवले की माझी जुनी खोड उसळायची, बचाव दिसला की गुन्हा विसरायचा. खाली नेल्यावर ती गेली. यादी मी दर रविवारी कोऱ्या कागदावर आठवून लिहायचे. तीन मिनिटांत उतरली नाही तर ती येत नाही असं समजायचं.

बाळूला यादीतून नेलं तेव्हा काय झालं ते सांगते. कृत्य: एक फटका, लाकडी दांड्यानं, पात्यानं नाही. मृत्यू दुसऱ्या दिवशी, पण फटक्यामुळेच. मध्ये दुसरं काही घडल्याचं प्रश्नात नाही. ठार मारायचा उद्देश दिसत नाही. पण डोक्यात मारायचा उद्देश होता, ते चुकून लागलेलं नाही. इथे विरसा सिंग, १९५८. आपल्या नागपूरचे न्या. व्हिव्हियन बोस यांनी त्यात पायऱ्या घालून दिल्यात: जखम झाली का, तिचं स्वरूप काय, तीच जखम करायचा उद्देश होता का, आणि ती निसर्गक्रमात मृत्यूला पुरेशी होती का. पहिल्या तीन गोष्टी बाळूविरुद्ध जातात. चौथी डॉक्टर सांगणार, आणि प्रश्नात डॉक्टरच नाही. पूर्वी अशा जागी मी एक बाजू ठोकून द्यायचे. आता लिहिलं: पुरेशी असेल तर १०१ चा तिसरा खंड लागण्याचा धोका, फक्त मृत्यू संभवनीय होता इतकंच असेल तर सदोष मनुष्यवध. सोबतीला १८७६ चा मुंबई उच्च न्यायालयाचा गोविंदाचा निवाडा: नवऱ्यानं बायकोला खाली पाडून छातीवर गुडघा ठेवून तोंडावर ठोसे मारले, ती मेली, तरी तो खून न ठरता सदोष मनुष्यवध ठरला. वाचताना संताप येतो, पण "संभवनीय" आणि "पुरेशी" यांतला फरक त्याहून स्पष्ट कुठेच दिसत नाही.

मग बचाव. मालमत्तेसाठी जीव घेण्यापर्यंतचा हक्क कलम ४१ मध्ये मोजक्याच प्रसंगी आहे. रात्रीची घरफोडी त्यात येते, पण विहिरीचा काठ हे घर नव्हे. चोरी येते, पण मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती वाटेल अशा परिस्थितीतली. पाठ फिरवून पळणाऱ्या रिकाम्या हाताच्या माणसाची कसली भीती? आणि कलम ४३: चोरीविरुद्धचा हक्क मालमत्ता परत मिळेपर्यंत. केबल तर चोरानं जागीच टाकली होती! त्या क्षणी हक्क संपला. फौजदारकाका म्हणाले, "पकडायला धावला असता तर आम्ही पाठ थोपटली असती. पण दांडा कशाला?"

आता खरी मेख. खुनाचा दुसरा अपवाद बचावाची मर्यादा ओलांडणाऱ्याला सवलत देतो. पण हक्कच उरला नसेल तर ओलांडणार काय? पूर्वी मी हे डोळे झाकून लावलं असतं. आता दोन ओळींत नाकारलं आणि पहिल्या अपवादाकडे गेले: रात्री आपली केबल कापताना बघणं हा गंभीर आणि अचानक प्रक्षोभ आहे का? अचानक नक्की, गंभीर आहे का यावर वाद होऊ शकतो. चौथा लागत नाही, झटापटच झाली नाही. म्हणून निष्कर्ष: निर्दोष नाही. वैद्यकीय पुरावा मृत्यूला पुरेशा जखमेचा नसेल तर सदोष मनुष्यवधाच्या शिक्षेचं कलम १०५, आणि उद्देशाऐवजी जाणीवच सिद्ध झाली तर त्यातला दहा वर्षांपर्यंतचा भाग. बावीस मिनिटं लागली.

परीक्षेच्या दिवशी उत्तरपत्रिका मिळाल्या मिळाल्या शेवटच्या पानावर यादीचे प्रश्न एकेका शब्दात आणि खाली रा-ब-नो-भां-सा खरडलं, वर "कच्चे काम" लिहून आडवी रेघ मारली. प्रश्नात या वेळी शेत नव्हतं, सोसायटीचा जिना होता, आणि चोराच्या हातात मंगळसूत्र होतं. त्यानं ते खसकन ओढलं होतं, आणि पळताना तो जिन्यावरच्या एका माणसाच्या हातून मेला होता. हिसकावण्याचं कलम ३०४ नवंच आहे, ते माझ्या पहिल्या कप्प्यातून कधी बाहेर गेलंच नव्हतं, पण त्या दिवशी आलं. मालमत्तेचा हक्क कुठपर्यंत चालतो त्या कलमाचा नंबर मात्र ऐनवेळी सुटला. तीन मिनिटं डोकं खाजवलं, मग "मालमत्तेच्या खाजगी बचावाचा हक्क कधी संपतो ते सांगणारे कलम" असं लिहून पुढे गेले. चोर मंगळसूत्र घेऊन अजून पळतच होता, म्हणजे इथे हक्क संपला नव्हता, हे महत्त्वाचं.

बाहेर आल्यावर फौजदारकाका गेटपाशी उभे होते. "ताई, जिन्यावरच्या माणसाला काय लावलंत?"

मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटून मनातल्या मनात जुना नंबर नव्यात बदलला, मान हलवली आणि म्हणाले, "तेच. पण मी बाई जिन्यावरून पडली त्याचं काहीच लिहिलं नाही हो."

मीही लिहिलं नव्हतं. ती पडली होती, ओढताना, आणि तिचा हात मोडला होता, हे पहिल्याच परिच्छेदात होतं. चोरी करताना केलेली दुखापत, म्हणजे जबरी चोरी, ३०९. तिथून पुढे कलम ४१ चं सगळं गणित वेगळं. माझ्या यादीत "कोणाचं कोणतं कृत्य" होतं, पण चोराचं कृत्य मी त्यात कधी मोजलंच नव्हतं. घरी येऊन यादीच्या पहिल्या ओळीत "मेलेल्याचंही" हा एक शब्द लिहिला. निकालात पेपर सुटला. पेटी आता माझ्यामागच्या बॅचमधल्या एकीकडे आहे, आणि तिनं पहिल्याच दिवशी फोन करून विचारलं की हा शब्द कशाला.